‘करण्यात आले’ काढल्यावर वाक्यात काय उरतं?

प्रश्न: पुण्यात मृदाशास्त्रात एम.एस्सी. करते. एका इंग्रजी शोधनिबंधातला ‘मटेरियल्स अँड मेथड्स’ हा भाग मराठीत करायचा आहे. प्रत्येक वाक्य ‘करण्यात आले’वर येऊन थांबतं. ते काढून ‘आम्ही केले’ लिहिलं तर गाइड म्हणतात, अर्थ बदलला. यात काय करू?

‘प्लॉट सिंचित करण्यात आले होते. शेतकऱ्यांद्वारे शेणखत टाकण्यात आले. ० ते १५ सेंमी खोलीवरून नमुने गोळा करण्यात आले. नमुन्यांना हवेत वाळवण्यात आले, कुटण्यात आले आणि ०.५ मिमी चाळणीतून पास करण्यात आले. १ ग्रॅम मातीमध्ये १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेटचे १० मिली द्रावण टाकण्यात आले व हलवण्यात आले. त्यानंतर २० मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल टाकण्यात आले, पुन्हा हलवण्यात आले व मिश्रणास ३० मिनिटे उभे राहू देण्यात आले. २०० मिली पाणी, १० मिली फॉस्फोरिक आम्ल व डायफिनिलअमाइन दर्शक टाकण्यात आले. जास्तीचे डायक्रोमेट ०.५ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेट वापरून टायट्रेट करण्यात आले. एक ब्लँक चालवण्यात आला.’

उत्तर:

तुमचे गाइड बरोबर आहेत, आणि ‘करण्यात आले’ तुमच्या कानाला खटकतं तेही बरोबर आहे. या दोन पर्यायांखेरीज तिसरा पर्याय आहे, तो तुम्ही घरी रोज वापरता: कर्ता लिहायचाच नाही. ‘नमुने वाळवले.’ झालं वाक्य.

इंग्रजीत हे जमत नाही. तिथे क्रियापदाआधी कोणीतरी बसलेलं लागतंच. करणाऱ्याचं नाव घ्यायचं नसेल, तर ज्याच्यावर काम झालं त्याला त्या जागी बसवून ‘वेअर’ जोडावं लागतं. मराठीत भूतकाळातलं सकर्मक क्रियापद मुळातच कर्माच्या मागे जातं: नमुने वाळवले, माती वाळवली, पीठ वाळवलं. शाळेत कर्मणि प्रयोग म्हणून ‘रामाने आंबा खाल्ला’ शिकलो तो हाच. त्यातला ‘रामाने’ काढून टाका, ‘आंबा खाल्ला’ तसंच उभं राहतं. इंग्रजीला जे ‘वेअर’ लावून साधावं लागतं, ते आपल्या क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात आधीच झालेलं असतं. त्यावर आणखी ‘-ण्यात आले’ किंवा ‘केले गेले’ चढवलं की तेच काम दोनदा होतं, आणि वाक्य शासकीय परिपत्रकासारखं वाजायला लागतं.

यासाठी एक पथ्य पाळावं लागतं. निर्जीव कर्माला ‘-ना’ किंवा ‘-स’ लावू नका. तुमच्या परिच्छेदात ‘नमुन्यांना वाळवण्यात आले’ आणि ‘मिश्रणास उभे राहू देण्यात आले’ आहे. प्रत्यय लागला की क्रियापदाची कर्माशी असलेली गाठ सुटते. ‘नमुने वाळवले’मध्ये ती घट्ट आहे, ‘नमुन्यांना वाळवले’ म्हटलं की क्रियापद एकटं पडतं, आणि मग त्याला आधार म्हणून कोणाला तरी ‘करण्यात आले’ लावावंसं वाटतं.

ही सोय फक्त भूतकाळात आहे, हेही आत्ताच सांगतो. वर्तमानात ‘माती वाळवतात’ म्हणता येतं, पण तो रिवाज झाला, एका विशिष्ट प्रयोगाची हकिगत नाही. आणि ‘माती वाळवावी’ हा तर सल्ला आहे. शेतकरी मासिकांसाठी मजकूर करताना पुष्कळ जण कृतीचा सगळा भाग ‘-आवे’वर नेतात, कारण ते ऐकायला गोड लागतं. पण शोधनिबंध ‘आम्ही असं केलं’ एवढंच सांगत असतो. वाचकाने तसं करावं, असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. माहिती देणाऱ्या वाक्याची शिफारस झाली, तर तो प्रयोगाच्या अर्थातला बदलच आहे.

आता गाइडच्या आक्षेपाकडे येतो, कारण कर्ता गाळला की सगळं सुरळीत होतं असंही नाही. मी गेली बावीस वर्षं शेतीविषयक शोधनिबंध मराठीत आणतो आहे. सुरुवातीच्या काळात एका निबंधात मी सगळीकडे बिनदिक्कत ‘आम्ही’ घातलं होतं. ‘आम्ही शेतांमधून मातीचे नमुने गोळा केले’ असं वाक्य होतं. लेखकाने मसुदा वाचून फोन केला: नमुने शेतकऱ्यांनी स्वतः पिशवीत भरून आणून दिले होते, संशोधक शेतावर गेलेच नव्हते. इंग्रजीत ‘वेअर कलेक्टेड’ एवढंच होतं आणि ते खोटं नव्हतं. माझं ‘आम्ही’ खोटं होतं. शिवाय ही बाब किरकोळ नव्हती. बांधाजवळची, उकिरड्यालगतची किंवा झाडाखालची माती नमुन्यात आली की सेंद्रिय कर्बाचा आकडाच बदलतो. म्हणून नमुना कोणी घेतला हे वाचकाला कळणं महत्त्वाचं. मूळ मजकूर त्याबद्दल गप्प असेल, तर आपणही गप्पच राहायचं.

पण गप्प राहण्यातही एक फसगत आहे आणि तुमच्या परिच्छेदात ती नेमकी समोर आहे. दुसरं वाक्य शेतकऱ्यांबद्दलचं, तिसरं नमुन्यांबद्दलचं. माझ्या सांगण्याप्रमाणे दोन्हींतलं ‘करण्यात आले’ काढा:

‘शेतकऱ्यांनी शेणखत टाकले. ० ते १५ सेंमी खोलीवरून नमुने गोळा केले.’

नमुने कोणी गोळा केले? मराठी वाचक एका क्षणात म्हणेल, शेतकऱ्यांनी. आपल्या भाषेत न लिहिलेला कर्ता मागच्या वाक्यातून पुढे चालत येतो. घरातलंच बोलणं ऐका: ‘आईने भाजी आणली. निवडली. चिरून ठेवली.’ तिन्ही कामं आईची, कोणाला शंका येत नाही. इंग्रजीत तसं होत नाही. तिथे प्रत्येक ‘वॉज’ आणि ‘वेअर’ करणाऱ्याला नव्याने पडद्याआड नेतो, मागच्या वाक्यातला शेतकरी पुढच्या वाक्यात शिरू शकत नाही.

म्हणून नियम असा ठेवा: कर्ता गाळण्याआधी, आधीच्या वाक्यात ‘-ने’ किंवा ‘-नी’ लागलेलं कोणी आहे का ते बघा. नसेल तर निर्धास्तपणे गाळा. असेल आणि पुढचं कामही त्याचंच असेल, तरी गाळा. असेल आणि काम दुसऱ्याचं असेल, तर त्या दुसऱ्याचं नाव घ्या: ‘नमुने मात्र संशोधकांनी घेतले.’ आणि काम कोणाचं ते मूळ मजकुरात नसेलच, तर ‘करण्यात आले’ची खरी गरज इथे आहे. ‘शेतकऱ्यांनी शेणखत टाकले. त्यानंतर नमुने गोळा करण्यात आले.’ यात साखळी तुटते, वाचकाला कळतं की आता दुसरं कोणीतरी असू शकतं. सबंध परिच्छेदात हा प्रयोग एकदा आला तर तो बोजड वाटत नाही, उलट काम करतो. चौदा वेळा आला की त्याची ती ताकदही जाते.

जाता जाता, ‘शेतकऱ्यांद्वारे’ नको. माणसाला ‘-नी’ पुरेसं आहे. ‘द्वारे’ वाचलं की शेतकरी हे खत टाकायचं साधन होतं असं वाटतं.

आता सगळ्यात नाजूक भाग. इंग्रजी कर्मणी वाक्य एका गोष्टीचा निर्णय वाचकावर सोडून देतं आणि मराठी क्रियापद तो निर्णय आपल्याकडून करून घेतं. ती गोष्ट अशी: काम कोणी केलं, की ते आपोआप झालं, की ती नुसती स्थिती होती? आपल्याकडे या तिन्हींना वेगवेगळी क्रियापदं आहेत. माती वाळवली, माती वाळली, माती वाळलेली होती. त्यात चौथं ‘वाळू दिली’ धरा. एका ‘व’चा फरक, पण प्रयोग वेगळा.

तुमचं पहिलंच वाक्य घ्या. मूळ इंग्रजीत बहुधा ‘द प्लॉट्स वेअर इरिगेटेड’ असावं. याचे दोन अर्थ होतात. एक, प्रयोगाचा भाग म्हणून प्लॉटना पाणी दिलं. दुसरा, निवडलेले प्लॉट मुळातच बागायती होते. पहिल्या अर्थाने पाणी ही संशोधकांनी केलेली प्रक्रिया झाली, दुसऱ्या अर्थाने ती जागेची माहिती झाली. ‘सिंचित करण्यात आले होते’ या वाक्यात दोन्ही अर्थ लपून बसतात, म्हणून ते सुरक्षित वाटतं. पण मराठी वाचकाला त्यातून काहीच कळत नाही. ठरवायचं कसं? शेजारचे शब्द बघा. तारीख, ‘दोन वेळा’, ‘दर दहा दिवसांनी’ किंवा पाण्याची खोली सेंटिमीटरमध्ये दिली असेल, तर ती कृती आहे: ‘प्लॉटना पाणी दिले.’ असं काही नसेल आणि वाक्य जागेच्या वर्णनात, पाऊसमान आणि मातीच्या प्रकाराशेजारी आलं असेल, तर ती स्थिती आहे: ‘प्लॉट बागायती होते.’ प्रयोगातल्या प्रक्रियांचा तक्ता असतो, त्यात पाण्याचा रकाना आहे का तेही बघा.

तुमच्या वाक्यातलं ‘होते’ही तपासा. ‘वेअर’ म्हणजे ‘होते’ अशी हाताला सवय लागलेली असते, म्हणून साध्या भूतकाळाच्या जागी ‘केले होते’ उतरतं. मराठीत ‘माती वाळवली होती’ म्हटलं की ते काम मागच्या वाक्यातल्या कामाच्याही आधी जातं. इंग्रजीत ‘हॅड बीन’ असेल तरच ते लिहा.

आता प्रयोगशाळेतलं वाक्य. ‘मिश्रणास ३० मिनिटे उभे राहू देण्यात आले’ हे ‘वॉज अलाउड टू स्टँड’चं शब्दशः रूप आहे. आपल्याकडे मिश्रण उभं राहत नाही. ‘३० मिनिटे तसेच ठेवले’ हे त्याचं बरोबर मराठी. ‘तसेच’ या शब्दात सगळं आलं: हलवलं नाही, तापवलं नाही, काही घातलं नाही.

हे ‘तापवलं नाही’ फार महत्त्वाचं आहे, कारण इथे मी एकदा पडलो आहे. ही वॉक्ली आणि ब्लॅक यांची १९३४ची पद्धत, तुम्ही ती रोज करत असाल. डायक्रोमेटच्या द्रावणात तीव्र सल्फ्युरिक आम्ल पडलं की द्रावणातल्या पाण्यामुळे उष्णता निघते, फ्लास्क हाताला चांगला गरम लागतो, आणि त्या उष्णतेतच मातीतल्या कर्बाचं ऑक्सिडीकरण होतं. बाहेरून आच द्यायची नसते. माझ्याकडच्या निबंधात ही उष्णता कशी उपयोगी पडते याचं एक लांबलचक कर्मणी वाक्य होतं. मी ते सुटसुटीत केलं: ‘मिश्रण तापवून ३० मिनिटे ठेवले.’ मराठी म्हणून उत्तम वाक्य. छपाईआधी मी शिवाजीनगरला माती परीक्षणाचं काम करणाऱ्या एका बाईंना मसुदा वाचायला दिला. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवून एवढंच विचारलं, ‘किती अंशाला?’

मूळ निबंधात अंश नव्हतेच, कारण तापवलंच नव्हतं. मिश्रण तापलं होतं. माझ्या एका ‘व’मुळे ती दुसरीच पद्धत झाली. बाहेरून उष्णता देऊन करायच्या पद्धती आहेत, आणि त्यांत कर्बाचं ऑक्सिडीकरण जास्त पुरं होतं. वॉक्ली-ब्लॅकमध्ये साधारण ७७ टक्केच कर्ब सापडतो असं धरून उत्तराला १.३ने गुणतात. माझं वाक्य वाचून कोणी फ्लास्क हॉटप्लेटवर ठेवला असता आणि पुन्हा १.३ने गुणलं असतं, तर त्याच्या मातीचा कर्ब कागदावर फुगला असता.

तेव्हापासून मी एक करतो. इंग्रजी मजकुराच्या प्रिंटवर प्रत्येक ‘वॉज’ आणि ‘वेअर’खाली पेन्सिलने तीनपैकी एक शब्द लिहितो: हात, आपोआप किंवा स्थिती. मराठी लिहायला त्यानंतरच बसतो. ‘ड्राइड’खाली हात, म्हणून वाळवले. ‘चेंज्ड टू ग्रीन’खाली आपोआप, म्हणून रंग हिरवा झाला, ‘केला’ नाही. ‘अलाउड टू’ आलं की हातही आहे आणि आपोआपही: माणसाने सोडून दिलं, पुढचं आपोआप झालं. तिथे ‘तसेच ठेवले’, ‘गार होऊ दिले’, ‘निवळू दिले’ अशी रूपं लागतात. ‘गार केले’ आणि ‘गार होऊ दिले’ यांत बर्फाच्या भांड्याइतका फरक आहे. ज्या शब्दाखाली काय लिहावं तेच कळत नाही, तिथे प्रश्नचिन्ह करतो आणि ती यादी लेखकाला पाठवतो. दोन पानांच्या मजकुरात असे दोन-तीनच निघतात.

यानंतर वाक्यं जोडायचा प्रश्न येतो. ‘वाळवण्यात आले, कुटण्यात आले आणि पास करण्यात आले’ याचं ‘वाळवून, कुटून चाळले’ करावं असं कोणीही सांगेल आणि ते चांगलंच आहे. ‘-ऊन’ हे रूप क्रम सांभाळतं: आधीचं पुरं झालं, मग पुढचं. पण त्याला तीन ठिकाणी जपावं लागतं.

पहिलं ठिकाण म्हणजे दोन वस्तू एका ‘घालून’मध्ये गोळा करणं. ‘डायक्रोमेट आणि आम्ल घालून फ्लास्क हलवला’ हे वाक्य आटोपशीर आहे, पण त्यात क्रम हरवला. तुमच्या पद्धतीत आधी डायक्रोमेट, मग हलवणं, म्हणजे माती द्रावणात पसरते, मग आम्ल. वाचक दोन्ही एकदम ओतेल, नाहीतर आधीच एकत्र करून ठेवेल. तेव्हा इथे वाक्य लांबलं तरी चालेल, ‘आधी’ आणि ‘मग’ हे शब्द राहू द्या. उलट नंतरचं पाणी, फॉस्फोरिक आम्ल आणि दर्शक इंग्रजीतही एकाच क्रियापदाने आले आहेत, ते एकत्रच ठेवा. मुळात नसलेला क्रम आपण घालायचा नाही.

दुसरं म्हणजे ‘-ऊन’ आणि ‘-त’ यांतली निवड. ‘ढवळून घातले’, ‘घालून ढवळले’ आणि ‘ढवळत घातले’ या तीन वेगळ्या कृती आहेत. इंग्रजीत ‘वॉज अॅडेड विथ स्टरिंग’ असेल तर हात ढवळत असतानाच पदार्थ पडतोय, म्हणून ‘ढवळत ढवळत घातले’.

तिसरं ठिकाण चाळणीचं. त्यावर थोडा थांबतो, कारण ते पटकन दिसत नाही. मराठीत आपण ‘चाळून घेतले’, ‘गाळून घेतले’ असं सहज लिहितो. ‘घेणे’ लावलं की वाक्याला घरचा सूर येतो. पण ‘घेणे’ काय सांगतं? खाली पडलं ते आपलं, वर राहिलं ते टाकून द्यायचं. पीठ चाळून घेतलं की कोंडा बाजूला जातो. २ मिलिमीटरच्या चाळणीला हे लागू पडतं, तिच्यावर खडे राहतात आणि ते टाकायचेच असतात. पण सेंद्रिय कर्बासाठी ०.५ मिलिमीटरची चाळणी लावतात तेव्हा घेतलेला नमुना सगळाच्या सगळा त्यातून जाईपर्यंत कुटतात. वर राहिलेलं टाकून दिलं तर त्याच्यासोबत काही कर्बही जाईल आणि नमुना एकतर्फी होईल. इंग्रजीतलं ‘वेअर पास्ड थ्रू’ यातलं काय झालं ते सांगत नाही. म्हणून तुमच्या वाक्यात मी ‘चाळून घेतले’ लिहिणार नाही आणि ‘सगळे चाळणीतून जाईपर्यंत कुटले’ असंही माझ्या मनाने लिहिणार नाही. ‘०.५ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळले’ एवढंच लिहीन आणि पेन्सिलीच्या यादीत हा प्रश्न टाकीन.

‘हवेत वाळवले’च्या बाबतीतही हेच. आपल्याकडे माती सावलीत पसरून वाळवतात, म्हणून हात ‘सावलीत’ लिहायला जातो. इंग्रजीतल्या ‘एअर-ड्राइड’चा अर्थ ओव्हनमध्ये वाळवली नाही इतकाच आहे. सावली लेखकाने लिहिली असेल तरच लिहा.

शेवटच्या दोन वाक्यांबद्दल थोडंच. ‘जास्तीचे डायक्रोमेट’ वाचून वाटतं की चुकून जास्त पडलं. इंग्रजीतला ‘एक्सेस’ म्हणजे कर्बाशी प्रक्रिया होऊन जे शिल्लक राहिलं ते, म्हणून ‘उरलेले’. त्या उरलेल्याचं माप घेऊनच तर खर्च किती झालं ते काढतात. ‘वापरून’ची गरज नाही, ‘सल्फेटने’ पुरे. ब्लँक कोणी चालवत नाही, ब्लँक घेतात. आणि वाचक विद्यार्थी नसेल तर त्यात माती नसते हे चार शब्दांत सांगून टाका, अर्थात तुमचा मूळ निबंध प्रमाण पद्धतच वापरतो याची खात्री करून.

मी तुमचा परिच्छेद असा लिहीन. यात प्लॉट मुळात बागायती होते आणि नमुने कोणी घेतले ते मूळ मजकुरात नाही, असं धरलं आहे:

‘प्लॉट बागायती होते. शेतकऱ्यांनी त्यांत शेणखत टाकले. ० ते १५ सेंमी खोलीवरचे मातीचे नमुने गोळा करण्यात आले. नमुने हवेत वाळवले, कुटले आणि ०.५ मिमीच्या चाळणीतून चाळले. १ ग्रॅम मातीत आधी १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेटचे १० मिली द्रावण घालून फ्लास्क हलवला. मग २० मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून तो पुन्हा हलवला आणि ३० मिनिटे तसाच ठेवला. त्यानंतर त्यात २०० मिली पाणी, १० मिली फॉस्फोरिक आम्ल आणि डायफिनिलअमाइन दर्शक घातला. उरलेले डायक्रोमेट ०.५ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेट केले. माती न घालता हीच कृती करून एक ब्लँक घेतला.’

शेवटचा ‘आला’ धरून चौदा ‘आले’ होते, त्यांतलं एक उरलं आणि ते शेतकऱ्यांना नमुन्यांपासून वेगळं ठेवण्यासाठी उरलं. ‘आम्ही’ एकदाही आलं नाही, तेव्हा गाइडना हरकत घ्यायला जागा नाही. त्यांनी ‘वाळवले, चाळले’ हे फार घरगुती वाटतं असं म्हटलं, तर त्यांना क्रियापदाचं लिंग-वचन दाखवा: ‘नमुने चाळले’मध्ये क्रियापद नमुन्यांमागे गेलेलं आहे, म्हणजे प्रयोग कर्मणीच आहे.

मसुदा पुरा झाला की तो तुमच्या प्रयोगशाळेतल्या अशा कोणाला तरी वाचून दाखवा, ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेलं नाही. त्याला मत विचारू नका. ‘यावरून तू फ्लास्क घेऊन काय काय करशील ते क्रमाने सांग’ म्हणा आणि इंग्रजी प्रिंट समोर धरून ऐका. तो कुठे थांबून ‘किती अंशाला?’, ‘कोणी?’, ‘वरचं टाकायचं का?’ असं विचारेल तिथे पेन्सिलीने खूण करा. इंग्रजीत उत्तर असेल तर ते तुमच्याकडून सुटलंय. इंग्रजीतही नसेल तर तो प्रश्न लेखकाचा. तुमच्या बाबतीत लेखक विभागातलेच असतील, तर चाळणीचा आणि पाण्याचा असे दोन प्रश्न घेऊन आधी त्यांच्याकडे जा.